उशिरा आलेल्यांची अर्धी हजेरी: महिन्याचे आणि वर्षाचे टक्के कसे काढायचे

वर्गशिक्षक म्हणून पहिल्यांदाच हजेरीची जबाबदारी आली आणि शाळेचा नियम असा असला की उशिरा आलेल्या मुलाची अर्धी हजेरी धरायची, तर वरवर काम सोपं वाटतं. उशिराचे दिवस निम्मे करायचे, हजर दिवसांत मिळवायचे आणि भागायचं. जूनमध्ये अडचण येत नाही. ती एप्रिलमध्ये येते, जेव्हा एका मुलाचे टक्के तीन ठिकाणी तीन वेगळे निघतात आणि पालक समोर बसलेले असतात. हा लेख नववीच्या एका वर्गाचं हजेरीपत्रक समोर ठेवून लिहिला आहे. संगणकावर एक्सेल किंवा गूगल शीट्स आहे असं धरलं आहे. खासगी क्लास, संगीत वर्ग, अभ्यासिका यांनाही हीच रीत चालते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. अर्ध्या हजेरीचा नियम हा शाळेचा अंतर्गत नियम असतो. तो प्रगतिपुस्तकात, शिस्तीच्या गुणांत, वर्षअखेरच्या बक्षिसात वापरा. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थितीची अट असते. त्यासाठी शाळेच्या अधिकृत हजेरीपत्रकातली नोंदच पाहायची. मुख्याध्यापकांनी लेखी ठरवल्याशिवाय आपला अर्ध्याचा हिशेब तिकडे नेऊ नका. म्हणूनच रोजच्या नोंदीत कधीही ०.५ हा आकडा लिहायचा नाही. तिथे फक्त अक्षर लिहायचं, आणि त्या अक्षराची किंमत किती ते सूत्रात ठरवायचं. उद्या नियम बदलला, किंवा अधिकृत कामासाठी उशीर पूर्ण हजर धरावा लागला, तर सूत्रातला एक आकडा बदलतो आणि वर्षभराची नोंद जशीच्या तशी राहते.

पायरी १: उशीर म्हणजे नेमका कधीपासून

हे वर्ष सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवा. समजा सकाळ सत्राची घंटा ७:२० ला होते, प्रार्थना होते आणि ७:३० ला पहिल्या तासाला हजेरी घेतली जाते. तर ७:३० पर्यंत वर्गात आलेला हजर, त्यानंतर आलेला उशिरा. पाच मिनिटं उशीर आणि दीड तास उशीर यांत फरक करायचा का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. आमचं मत असं की टक्क्यांच्या हिशेबात करू नये. पाव, अर्धी, पाऊण हजेरी सुरू केली की रोज वाद सुरू होतात. किती वाजता आला ती वेळ फाटकावरच्या उशिराच्या वहीत असतेच, ती समजावून सांगताना कामाला येते.

मधल्या सुट्टीनंतर आलेल्या मुलाचं काय? काही शाळा त्याला सरळ गैरहजर लावतात. ते टाळावं. जे मूल इमारतीत आहे ते कागदावर गैरहजर दिसता कामा नये. काही अपघात झाला तर मुलं मोजायला तोच कागद हातात घेतला जातो. तेव्हा कितीही वाजता आला तरी तो उशिरा.

उलट बाजूही ठरवा. उशिरा आला आणि लवकर गेला तर दोनदा अर्धं कापून शून्य करायचं का? नाही. एका दिवसाला एका मुलाच्या चौकटीत एकच अक्षर, म्हणून एका दिवसात जास्तीत जास्त अर्धाच कापला जाईल. शनिवारची अर्धी शाळाही एक पूर्ण दिवस म्हणूनच मोजा. नाहीतर शनिवारचा उशीर पाव दिवसाचा होतो आणि सगळा हिशेब किचकट होऊन बसतो.

एस.टी. बिघडली, स्कूल बस अडकली, पावसाने रस्ता बंद झाला, अशा दिवशी अख्खी बसभर मुलं उशिरा येतात. तो उशीर मुलांचा नसतो. त्या दिवशी त्यांना हजर लावायचं, आणि तसं लावण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे, म्हणजे मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षकांकडे, ठेवायचा. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपापल्या मनाने सूट दिली की त्याच बसमधल्या दोन भावंडांची हजेरी दोन वर्गांत वेगळी पडते.

पायरी २: अक्षरं आणि रोजची नोंद

चार अक्षरं पुरतात. ह म्हणजे हजर, उ म्हणजे उशिरा, ग म्हणजे गैरहजर, आणि प्र म्हणजे त्या दिवशी मुलाचा प्रवेशच झालेला नव्हता. शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या पुढच्या दिवसांनाही प्र लावलं तरी चालतं, कारण त्याचा अर्थ इतकाच की हा दिवस या मुलाच्या हिशेबात नाही. सुट्टीच्या दिवशी चौकट रिकामी ठेवायची. आजारपणाची रजा शाळा माफ करत असेल तर तिला वेगळं अक्षर द्या आणि ती छेदातून वगळायची की नाही हे आधीच ठरवा.

कागदी हजेरीपत्रकावर एक जुनी सवय फार उपयोगी आहे. नाव पुकारल्यावर उत्तर आलं नाही तर लगेच ग लिहू नका, टिंब द्या. दुसरा तास संपेपर्यंत फाटकावरून चिठ्ठी घेऊन मूल आलं तर टिंबाच्या जागी उ, नाही आलं तर ग. शाईने ग लिहून टाकला की खाडाखोड करावी लागते. ती नको वाटते म्हणून तो तसाच राहतो आणि मुलाचा अर्धा दिवस विनाकारण जातो. मधल्या सुट्टीनंतर एखादं मूल आलंच, तर तेवढी एक दुरुस्ती सही करून करायची. संगणकावरची नोंद दुपारी, कागद पाहून, एकदाच भरायची.

महिनाअखेरीस फाटकावरच्या वहीतल्या आपल्या वर्गाच्या नोंदी मोजा. तो आकडा आणि पत्रकातल्या सगळ्या उ ची बेरीज जुळली पाहिजे. बसच्या दिवसाची सूट तेवढी वजा करा. न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं: चिठ्ठी वर्गापर्यंत पोचली नाही आणि टिंबाचा ग झाला.

पायरी ३: महिन्याचं पान

प्रत्येक महिन्याला एक पान करा आणि त्याला महिन्याचं नाव द्या. A स्तंभात विद्यार्थ्याचा जनरल रजिस्टर क्रमांक, B मध्ये नाव, आणि C पासून AG पर्यंत १ ते ३१ तारखा. वरच्या चौथ्या ओळीत तारखा लिहा. तिसऱ्या ओळीत, ज्या दिवशी शाळा भरली त्या तारखेवर 1 लिहा, सुट्टीवर काही लिहू नका. पहिला विद्यार्थी पाचव्या ओळीत. त्याच्या ओळीत पुढची सूत्रं अशी येतात:

```
AH5  =COUNTIF(C5:AG5,"ह")
AI5  =COUNTIF(C5:AG5,"उ")
AJ5  =COUNTIF(C5:AG5,"ग")
AK5  =AH5+AI5+AJ5
AL5  =AH5+AI5*0.5
AM5  =IF(AK5=0,"",AL5/AK5)
AN5  =SUM($C$3:$AG$3)-AK5-COUNTIF(C5:AG5,"प्र")
```

AK म्हणजे या मुलाच्या हिशेबात धरलेले दिवस, AL म्हणजे त्याला मिळालेले दिवस, AM म्हणजे टक्के. AM च्या चौकटीला टक्क्यांचं स्वरूप द्या आणि दोन दशांश दाखवा. सूत्रं पाचव्या ओळीत लिहून खाली ओढली की वर्ग पूर्ण.

AN हा तपासणीचा स्तंभ आहे आणि नवे लोक नेमका तोच गाळतात. शाळा भरलेल्या दिवसांतून नोंदलेले दिवस वजा केले की शून्य यायला हवं. २ आलं तर दोन चौकटी रिकाम्या आहेत किंवा त्यांत भलतंच काही आहे. उणे १ आलं तर सुट्टीच्या तारखेवर कोणीतरी अक्षर भरलं आहे. तपासणी नसेल तर रिकामी राहिलेली चौकट गुपचूप छेदातून गळते आणि मुलाचे टक्के फुगतात. कुठेही चूक झाल्याची सूचना येत नाही.

छेद प्रत्येक मुलाचा स्वतःचा का, हेही इथेच लक्षात घ्या. बदलीमुळे १४ जुलैला प्रवेश घेतलेल्या मुलीला महिन्याचे सगळे दिवस छेदात लावले तर ती रोज वेळेवर येऊनही जेमतेम साठ टक्क्यांवर दिसेल. प्र लावल्यावर तिचा छेद तिच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

आता एका मुलाचा जुलै पाहू. शाळा २६ दिवस भरली. तो १९ दिवस वेळेवर आला, ४ दिवस उशिरा, ३ दिवस गैरहजर. मिळालेले दिवस १९ अधिक ४ चे निम्मे २, म्हणजे २१. २१ भागिले २६ म्हणजे ८०.७७ टक्के. हाच उशीर पूर्ण हजर धरला असता तर २३ भागिले २६, ८८.४६ टक्के. उशीर गैरहजर धरला असता तर ७३.०८. नियमाचा परिणाम एवढा मोठा असतो. पालकांच्या बैठकीत हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले की पुढचे अनेक प्रश्न मिटतात.

सूत्रं बरोबर बसली की नाही हे पाहायला वर्गाच्या यादीखाली तीन खोट्या ओळी करा. एकीत सगळे दिवस ह, दुसरीत सगळे उ, तिसरीत सगळे ग. टक्के अनुक्रमे १००, ५० आणि ० आले पाहिजेत. पहिल्या ओळीत ५० आलं तर कंस चुकला आहे. हजर आणि उशीर यांची आधी बेरीज झाली आणि मग सगळीच निम्मी झाली. दुसऱ्या ओळीत काहीच आलं नाही, चौकट रिकामी राहिली, तर उशीर छेदात धरलेलाच नाही. तपासून झाल्यावर या ओळी पुसून टाका, नाहीतर वर्गाच्या सरासरीत मिसळतील.

अक्षर दिसतं, पण मोजलं जात नाही

हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याला वेगळी जागा द्यायला हवी. पडद्यावर ह स्पष्ट दिसतो आणि COUNTIF शून्य सांगतं. कारणं तीन.

पहिलं कारण मोकळी जागा. कोणीतरी ह लिहून स्पेसबार दाबला, तर संगणकाच्या दृष्टीने ते दोन अक्षरांचं झालं आणि एकट्या ह शी जुळत नाही. दुसरं, ऱ्हस्व उ ऐवजी दीर्घ ऊ. छोट्या चौकटीत हा फरक डोळ्यांना कळतही नाही. तिसरं कारण मराठी कार्यालयांतलं खास आहे. जुन्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असलं तर आपल्याला दिसतो तो ह, पण आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. त्या चौकटीचा फॉन्ट बदलून एरियल करून पाहा. ह च्या जागी भलतंच काही दिसलं तर तो युनिकोड नाही आणि तो महिना पुन्हा भरावा लागणार.

तिन्हींवर उपाय एकच: टाइप करू द्यायचंच नाही. C5 पासून शेवटच्या विद्यार्थ्याच्या AG पर्यंतचा भाग निवडा, डेटा व्हॅलिडेशनमध्ये जा, यादीत ह, उ, ग, प्र एवढंच द्या आणि याबाहेरचं काही आलं तर नाकारायला सांगा. मात्र दुसऱ्या फाईलमधून कॉपी करून चिकटवलं तर ही यादी ओलांडली जाऊ शकते. म्हणून AN स्तंभ तरीही हवाच.

पायरी ४: वर्षाचे टक्के

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि चूक दिसायला अगदी बरोबर दिसते. अकरा महिन्यांचे टक्के हाताशी असतात, तर त्यांची बेरीज करून अकराने भागावं असं वाटतं. तसं करू नका. वर्षासाठी दिवसांची बेरीज करायची आणि शेवटी एकदाच भागायचं.

आपल्या त्याच मुलाचं वर्ष असं गेलं:

| महिना | दिवस | ह | उ | ग | मिळालेले | टक्के |
|---|---|---|---|---|---|---|
| जून | १२ | ६ | २ | ४ | ७ | ५८.३३ |
| जुलै | २६ | १९ | ४ | ३ | २१ | ८०.७७ |
| ऑगस्ट | २२ | १५ | ४ | ३ | १७ | ७७.२७ |
| सप्टेंबर | २४ | १६ | ५ | ३ | १८.५ | ७७.०८ |
| ऑक्टोबर | १४ | ११ | २ | १ | १२ | ८५.७१ |
| नोव्हेंबर | २० | १३ | ३ | ४ | १४.५ | ७२.५० |
| डिसेंबर | २५ | १६ | ३ | ६ | १७.५ | ७०.०० |
| जानेवारी | २४ | १६ | ४ | ४ | १८ | ७५.०० |
| फेब्रुवारी | २२ | १३ | ४ | ५ | १५ | ६८.१८ |
| मार्च | २२ | १४ | ३ | ५ | १५.५ | ७०.४५ |
| एप्रिल | ९ | ८ | १ | ० | ८.५ | ९४.४४ |
| एकूण | २२० | १४७ | ३५ | ३८ | १६४.५ | ७४.७७ |

वर्षाचे २२० दिवस हे नेहमीच्या वेळापत्रकाशी जुळणारे आहेत. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कामाचे किमान दिवस तेवढेच सांगितले आहेत, आणि एकाच इमारतीतले माध्यमिक वर्ग साधारण त्याच सुट्ट्या पाळतात.

१६४.५ भागिले २२० म्हणजे ७४.७७ टक्के. आता शेवटच्या स्तंभातल्या अकरा टक्क्यांची सरासरी काढून पाहा: ७५.४३. शाळेची रेषा ७५ वर असेल तर एका हिशेबाने मूल रेषेखाली आणि दुसऱ्याने वर. फरक का पडला? सरासरीत एप्रिलच्या ९ दिवसांना डिसेंबरच्या २५ दिवसांइतकंच वजन मिळालं. एप्रिलमध्ये तो जवळजवळ रोज वेळेवर आला आणि त्या नऊ दिवसांनी अख्खं वर्ष वर ओढलं. उलटही होतं. जूनमध्ये आजारी पडलेल्या मुलाचं वर्ष त्या बारा दिवसांनी खाली जातं. दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुरुवात यांमुळे आपल्याकडे महिन्यांचे दिवस इतके असमान असतात की टक्क्यांची सरासरी बरोबर येणं हा योगायोगच समजावा.

वर्षाच्या पानावर बेरीज आणताना आणखी एक खड्डा आहे. जूनच्या पानावर पाचव्या ओळीत जो मुलगा आहे तोच नोव्हेंबरच्या पानावर पाचव्या ओळीत असेल असं धरू नका. मध्ये कोणी दाखला घेऊन गेलं, कोणी नवीन आलं, कोणी यादी नावाच्या क्रमाने पुन्हा लावली, तर ओळी सरकतात आणि एकाचे दिवस दुसऱ्याच्या नावावर चढतात. म्हणून ओळ न धरता जनरल रजिस्टर क्रमांक धरून बेरीज करा. हजेरीचा क्रमांक वर्षात बदलू शकतो, रजिस्टरचा बदलत नाही. वार्षिक पानावर A मध्ये तोच क्रमांक, B मध्ये नाव, आणि पुढे:

```
C5  =SUMIF('जून'!$A:$A,$A5,'जून'!AH:AH)
    +SUMIF('जुलै'!$A:$A,$A5,'जुलै'!AH:AH)
F5  =C5+D5+E5
G5  =C5+D5*0.5
H5  =IF(F5=0,"",G5/F5)
```

C मध्ये हजर दिवस. वर दोन महिने दाखवले आहेत, बाकीचे महिने अधिक चिन्ह देऊन तसेच जोडत जा. D मध्ये हेच सूत्र AI स्तंभावर, E मध्ये AJ स्तंभावर. अर्धं करण्याचं काम फक्त G मध्ये, एकदाच. महिन्याच्या पानावरून AL आणून वर पुन्हा उशीर जोडला तर तोच उशीर दोनदा मोजला जातो. हे ओळखायची खूण अशी की सगळे दिवस उशिरा आलेल्या खोट्या ओळीचे टक्के ५० च्या वर जातात.

वर्गाची सरासरी हजेरी हवी असेल तर तीही याच तत्त्वाने काढायची: सगळ्यांच्या G ची बेरीज भागिले सगळ्यांच्या F ची बेरीज.

पूर्णांक करणं

७४.७७ च्या चौकटीतून दशांश काढून टाकले की पडद्यावर ७५ टक्के दिसतात. आत मात्र ७४.७७ च असतं. त्यामुळे शेजारच्या स्तंभातलं सूत्र "कमी" सांगतं आणि छापील कागदावर "७५ टक्के, कमी" असं विचित्र वाक्य उमटतं. पालक तेवढंच बोट ठेवून दाखवतात आणि त्यांचं बरोबरही असतं. दोन दशांश नेहमी दाखवा. पात्रता ठरवताना टक्के न वापरता दिवसांची तुलना केली तर पूर्णांकाचा प्रश्नच उरत नाही:

```
I5  =IF(G5>=0.75*F5,"पुरेशी","कमी")
```

२२० चे ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस. मुलाकडे १६४.५ आहेत. अर्धा दिवस कमी, म्हणजे वर्षभरातल्या ३५ उशिरांपैकी एक जरी टळला असता तरी पुरे होतं. अशा मुलाला सूट द्यायची की नाही हा निर्णय मुख्याध्यापकांचा. तो नोंदवहीत कारणासह लिहावा. आकडा बदलून तो निर्णय लपवू नये.

तासिकांनुसार हजेरी असेल तर

कनिष्ठ महाविद्यालयात हजेरी बहुधा तासाला घेतात, दिवसाला नाही. तिथे हाच नियम लावताना एकक बदलतं हे विसरू नका. दिवसाला सहा तासिका असतील आणि मुलगी फक्त पहिल्या तासाला उशिरा आली, तर तासिकांच्या हिशेबात सहापैकी साडेपाच मिळतात. ९१.६७ टक्के. दिवसाच्या हिशेबात तोच उशीर अर्धा दिवस खातो आणि त्या दिवसाचे ५० टक्के राहतात. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच वर्षात दोन्ही मिसळू नका. सहामाहीपर्यंत दिवसाने आणि पुढे तासाने मोजलं तर बेरजेला अर्थ उरत नाही.

शाळेचं ॲप बनवून घेताना

पत्रकाऐवजी कोणाकडून प्रणाली करून घेत असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. काही डेटाबेसमध्ये, उदाहरणार्थ पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटमध्ये, पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं. 1/2 लिहिलं की ०.५ येत नाही, ० येतो. मग प्रत्येक उशीर गैरहजेरी होऊन बसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे. अर्ध्या दिवसालाच एकक माना: हजर २, उशीर १, गैरहजर ०, आणि छेद दिवसांच्या दुप्पट. अपूर्णांक येतच नाही.

```sql
SELECT student_id,
  SUM(CASE status WHEN 'P' THEN 2 WHEN 'L' THEN 1 ELSE 0 END)
    * 100.0 / (COUNT(*) * 2) AS pct
FROM attendance
WHERE status IN ('P','L','A')
GROUP BY student_id;
```

यातलं 100.0 मधलं .0 महत्त्वाचं आहे. ते गेलं तर ७४.७७ चे ७४ होतात. मघाच्या तीन खोट्या ओळींची चाचणी इथेही घ्या. सगळे दिवस उशिरा आलेल्या मुलाचे ५० ऐवजी ० आले की भागाकार चुकला आहे हे समजतं.

पायरी ५: किती दिवस हातात आहेत ते काढणं

टक्के वर्षअखेरीस काढून उपयोग नसतो. डिसेंबरमध्येच वार्षिक पानावर आणखी एक स्तंभ करा. K1 मध्ये वर्षाचे उरलेले शाळेचे दिवस लिहा आणि:

```
J5  =G5+$K$1-0.75*(F5+$K$1)
```

हे सूत्र सांगतं की यापुढे किती दिवस गमावले तरी मूल रेषेवर राहील. उणे उत्तर आलं तर आता रोज वेळेवर येऊनही ७५ गाठणं शक्य नाही. अधिक आलं तर तेवढे दिवस हातात आहेत: एक गैरहजेरी एक दिवस खाते, एक उशीर अर्धा.

आपल्या मुलाचं फेब्रुवारीअखेर पाहा. १८९ दिवसांत त्याला १४०.५ मिळाले होते आणि ३१ दिवस उरले होते. १४०.५ अधिक ३१, वजा १६५, म्हणजे ६.५. साडेसहा दिवस हा आकडा ऐकायला बराच वाटतो. पण मार्चमध्ये तो ५ दिवस आला नाही आणि ३ दिवस उशिरा आला, म्हणजे बरोबर साडेसहा दिवस गेले. ३१ मार्चला सूत्राचं उत्तर शून्य होतं: १५६ मिळालेले, ९ उरलेले, आणि लागणारे १६५. त्या दिवशी घरी चिठ्ठी पाठवायला हवी होती, आणि तिच्यात टक्के लिहून भागणार नव्हतं. ७३.९३ टक्के वाचून पालकांना काहीच कळत नाही. "एप्रिलचे नऊही दिवस ७:३० च्या आत वर्गात हजर हवा, एकही उशीर चालणार नाही" असं लिहिलं असतं तर कळलं असतं. एप्रिलमध्ये तो आठ दिवस वेळेवर आला आणि एकदा उशिरा.

हा स्तंभ डिसेंबरपासून दर महिन्याला काढा. ज्यांचा आकडा पाचच्या खाली गेला त्यांच्या घरी कळवा, आणि कळवल्याची तारीख त्याच ओळीत पुढच्या चौकटीत लिहून ठेवा.